सोशल सिक्युरिटी सुरू असताना पुन्हा नोकरी : कमाईच्या मर्यादेमुळे नेमके किती पैसे अडतात?

केवडा (धागाकर्ती)

माझ्या मोठ्या भावाच्या वतीने हा प्रश्न विचारत आहे. दादाचा जन्म जून १९६१ चा आहे. अमेरिकेत अठ्ठावीस वर्षे नोकरी करून तो मे २०२५ अखेर निवृत्त झाला आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे जून २०२५ पासून, त्याने सोशल सिक्युरिटीची पेन्शन सुरू केली. पूर्ण निवृत्तीवयापर्यंत, म्हणजे सदुसष्टपर्यंत, थांबला असता तर त्याला महिना २,००० डॉलर मिळाले असते. लवकर सुरू केल्यामुळे ती रक्कम वीस टक्क्यांनी कमी होऊन १,६०० झाली. हे त्याने समजून-उमजून स्वीकारले होते.

आता त्याच्या जुन्या कंपनीने त्याला अर्धवेळ कामावर परत बोलावले आहे. पगार महिना ३,०४० डॉलर, म्हणजे २०२६ च्या पूर्ण वर्षात ३६,४८० डॉलर होईल. कोणी म्हणते की पेन्शन पूर्ण बंद होईल, कोणी म्हणते की काहीच फरक पडणार नाही. प्रत्यक्षात किती रक्कम अडते, ती कोणत्या महिन्यांत अडते आणि पुढे ती परत मिळते की कायमची जाते, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

वाटसरू

केवडाताई, पूर्ण निवृत्तीवयाच्या आधी पेन्शन घेत असाल तर २०२६ साठी वर्षाला २४,४८० डॉलरची मर्यादा आहे. त्यावर जितके कमावाल त्याच्या निम्मे कापले जाते. तुमच्या दादांची कमाई मर्यादेच्या वर बरोबर १२,००० डॉलर जाते, म्हणजे वर्षाला ६,००० डॉलर गेले. दर महिन्याच्या चेकमधून ५०० डॉलर कमी येतील, असा सरळ हिशेब आहे. हा एक प्रकारचा करच आहे आणि गेलेला पैसा परत येत नाही. त्यात ४०१-के मधून काढलेली रक्कम आणि भारतातली पेन्शनसुद्धा मोजतात, त्यामुळे त्यांनी तिकडेही हात लावू नये. माझे मत विचाराल तर मर्यादेच्या एक डॉलर खालीच राहावे.

जुना_हिशेबनीस

वाटसरू यांनी मर्यादा आणि निम्म्याचा नियम अगदी बरोबर सांगितला आहे, परंतु पुढच्या तीन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील, कारण घरखर्चाचे नियोजन त्यांच्यावरच अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे चेक दर महिन्याला थोडा थोडा कापला जात नाही. सोशल सिक्युरिटीचे कार्यालय तुम्ही दिलेल्या अंदाजावरून वर्षभरात किती रक्कम रोखायची ते ठरवते आणि ती भरून निघेपर्यंत जानेवारीपासून पूर्ण चेकच थांबवते. ६,००० डॉलर रोखायचे आणि चेक १,६०० चा असेल, तर पावणेचार चेक होतात. पाऊण चेक रोखण्याची पद्धत नसल्यामुळे जानेवारी ते एप्रिल असे चार पूर्ण चेक थांबतात. म्हणजे ६,४०० डॉलर अडले. मे पासून डिसेंबरपर्यंत पूर्ण १,६०० येतात आणि जास्त अडलेले ४०० डॉलर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला परत मिळतात. (दरवर्षीची महागाईवाढ मी हिशेबात धरलेली नाही, नाहीतर आकडे उगाच वाकडेतिकडे होतील.) वर्षाची बेरीज वाटसरू म्हणतात तेवढीच आहे, पण ज्यांचे घरभाडे किंवा हप्ता त्या चेकवर चालतो त्यांना सलग चार महिने रिकामे जाणे आणि दरमहा ५०० कमी येणे यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट, कमाई म्हणून काय मोजतात. फक्त नोकरीचा पगार आणि स्वतःच्या धंद्यातला निव्वळ नफा मोजला जातो. ४०१-के मधून काढलेले पैसे, कंपनीची पेन्शन, व्याज, लाभांश, शेअर विकून झालेला नफा, यांतले काहीही या मर्यादेत येत नाही. उलट पगारातून ४०१-के मध्ये भरलेली रक्कम मात्र वजा करता येत नाही, कारण इथे हाती आलेला नव्हे तर एकूण पगार पाहतात. भारतातल्या पेन्शनचा जो उल्लेख झाला, तो बहुधा एका वेगळ्या नियमाशी गल्लत होऊन झाला असावा. परदेशी नोकरीची पेन्शन असेल तर सोशल सिक्युरिटीचे सूत्रच बदलून रक्कम कमी करणारी एक तरतूद पूर्वी होती. जानेवारी २०२५ मध्ये कायदा होऊन ती रद्द झाली आणि जानेवारी २०२४ पासूनच्या रकमांना ती आता लागू नाही.

तिसरी गोष्ट, हा कर नव्हे. अडलेल्या महिन्यांची नोंद राहते आणि पूर्ण निवृत्तीवयाला त्याचा हिशेब पुन्हा होतो. त्याबद्दल सविस्तर लिहितो, पण त्याआधी केवडाताईंनी एक सांगावे : दादांच्या खात्यावर घरातले आणखी कोणी पेन्शन घेत आहे का? त्यावर आकडे बदलतात.

सह्याद्रीकर

माझे वडील महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना एका खासगी शिक्षणसंस्थेत मानधनावर काम मिळत आहे. या मर्यादेमुळे त्यांची पेन्शनही कमी होईल का? घरी सर्वजण काळजीत आहेत.

अनुजा_एम

सह्याद्रीकर, हा धागा अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीचा आहे. शासकीय सेवेची पेन्शन ही केलेल्या सेवेबद्दल मिळते आणि खासगी संस्थेत किती मानधन मिळाले यावरून ती कमी होण्याची अशी वार्षिक मर्यादा तिथे नाही. शासनातच पुन्हा नेमणूक झाली तर वेतन ठरवताना पेन्शनचा विचार होतो, तो विषय वेगळा. वडिलांच्या बाबतीत काळजीचे कारण दिसत नाही, तरी त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर त्या क्षेत्रातली माणसे नीट उत्तर देतील.

चौकस

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि मला कार्यालयात स्पष्ट सांगण्यात आले होते की वर्षाची बेरीज पाहत नाहीत, महिन्याची पाहतात. २०२६ साठी महिन्याचा आकडा २,०४० डॉलर आहे. म्हणजे दादांनी वर्षातून फक्त तीनच महिने पूर्णवेळ काम करावे, महिना दहा हजार घ्यावे आणि उरलेले नऊ महिने स्वस्थ बसावे. तीन महिन्यांचे चेक जातील, नऊ महिन्यांचे पूर्ण मिळतील. असे असताना वार्षिक हिशेब कशाला मांडता?

जुना_हिशेबनीस

चौकस, तुम्हाला सांगितले ते तुमच्या त्या वर्षापुरते बरोबर होते. पेन्शन सुरू केल्याच्या पहिल्या वर्षी मासिक कसोटी लावतात, कारण माणूस वर्षाच्या मध्यावर निवृत्त होतो आणि तोपर्यंत त्याने वर्षाची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. केवडाताईंच्या दादांचेच पाहा. जानेवारी ते मे २०२५ या पाच महिन्यांचा पूर्ण पगार त्यांनी घेतला, तो त्या वर्षाच्या २३,४०० डॉलरच्या मर्यादेपेक्षा नक्कीच जास्त असणार. तरीही जून ते डिसेंबरचे सगळे चेक त्यांना मिळाले, कारण त्या प्रत्येक महिन्यात त्यांची कमाई १,९५० डॉलरच्या आत, खरे तर शून्य होती.

ही सवलत साधारणपणे एकाच वर्षासाठी मिळते. दुसऱ्या वर्षापासून फक्त वर्षाची बेरीज पाहतात आणि ती कोणत्या महिन्यांत झाली याला काही महत्त्व उरत नाही. तुमच्या उदाहरणात तीन महिन्यांत ३०,००० डॉलर मिळाले, तर मर्यादेवर ५,५२० झाले आणि २,७६० डॉलर अडतील. दादांच्या १,६०० च्या हिशेबाने सुरुवातीचे दोन चेक थांबतील, मग त्या दोन महिन्यांत त्यांनी एक तासही काम केलेले नसले तरी. या वर्षी तुम्ही स्वतः असे काही ठरवले असेल तर आधी अंदाज कळवून टाका.

अनुजा_एम

या संदर्भात माझा अनुभव लिहिते, कारण असाच प्रसंग इथल्या बऱ्याच जणांवर येऊ शकतो. मी डिसेंबरमध्ये निवृत्त झाले आणि जानेवारीपासून पेन्शन सुरू केली. पुढच्या मार्चमध्ये माझ्या कंपनीने आधीच्या वर्षीच्या कामाचा बोनस आणि साठलेल्या रजेचे पैसे दिले. ते साहजिकच त्या वर्षाच्या डब्ल्यू-२ मध्ये आले. मी एक दिवसही काम केले नव्हते, तरी कागदावर माझी कमाई मर्यादेच्या बरीच वर दिसली आणि पुढच्या वर्षी मला जास्त रक्कम दिली गेल्याचे पत्र आले.

निवृत्तीनंतर हाती आलेले, पण निवृत्तीपूर्वीच्या कामाचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत. मात्र ते तसे आहेत हे दाखवून द्यावे लागते. त्यासाठी एसएसए-१३१ हा फॉर्म असतो आणि तो कंपनीने भरून द्यायचा असतो. माझ्या कंपनीच्या पगार विभागाने तो भरायला फार वेळ लावला. तिथल्या कोणालाच तो फॉर्म माहीत नव्हता. शेवटी मी माझ्या पगारपत्रकांवर बोनसचे वर्ष आणि रजेचे तास अधोरेखित करून त्यांना पाठवले, तेव्हा कुठे सही मिळाली. तो फॉर्म दाखल झाल्यावर मागणी रद्द झाली. केवडाताई, तुमच्या दादांना २०२५ च्या कामाचा बोनस या वर्षी मिळणार असेल तर तो फॉर्म नोकरीवर परत रुजू होतानाच मागून घ्यावा.

केवडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना_हिशेबनीस यांनी विचारले होते म्हणून सांगते : वहिनीची स्वतःची नोकरी फार थोडी वर्षे होती, त्यामुळे ती बासष्ट पूर्ण झाल्यापासून दादाच्या खात्यावर पत्नी म्हणून महिना ६५० डॉलर घेते. तिची स्वतःची कमाई काही नाही, म्हणून तिचे पैसे सुरक्षित आहेत असे आम्ही धरून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट. दादा हिवाळ्यात तीन महिने पुण्याला जातो. तिथल्या एका महाविद्यालयाने त्याला व्याख्याने देण्यासाठी बोलावले आहे. मानधन अगदी किरकोळ आहे, डॉलरमध्ये मोजले तर नगण्यच. ते या मर्यादेत कुठे बसते?

जुना_हिशेबनीस

वहिनींचे पैसेही अडतील. ज्याच्या खात्यावर पेन्शन मिळते त्याने जास्त कमावले, तर त्या खात्यावर मिळणाऱ्या सर्वांच्या रकमा मिळून हिशेब होतो. याच्या उलट, वहिनी स्वतः नोकरी करत्या तर फक्त त्यांचे ६५० अडले असते, दादांचे नव्हे.

त्यामुळे मी वर मांडलेला हिशेब बदलतो. दोघांचे मिळून महिन्याला २,२५० डॉलर येतात. ६,००० डॉलर रोखायचे, म्हणजे आता चार नव्हे तर तीन महिने लागतील. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च या तीन महिन्यांत घरात सोशल सिक्युरिटीचा एकही डॉलर येणार नाही. एकूण ६,७५० अडतील आणि जास्तीचे ७५० पुढच्या वर्षी परत येतील. महिना कमी झाला, पण त्या महिन्यांतली उणीव मोठी झाली, हे त्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

आता परत मिळण्याचा भाग. ही नोकरी दादांनी २०२६ आणि २०२७ अशी दोन वर्षे केली असे धरू आणि मर्यादाही सोयीसाठी तीच ठेवू. दोन वर्षांत सहा महिने अडले. जून २०२८ मध्ये दादा सदुसष्टचे होतील, तेव्हा कार्यालय असे मानते की त्या सहा महिन्यांत त्यांनी लवकर पेन्शन घेतलीच नव्हती. मूळची कपात छत्तीस महिन्यांची, म्हणजे वीस टक्के होती. आता ती तीस महिन्यांची, म्हणजे १६.६७ टक्के होईल. १,६०० चे १,६६६ डॉलर होतील आणि ते आयुष्यभर तसेच राहतील. वहिनींचीही कपात अशीच सहा महिन्यांनी घटेल, पण त्या सदुसष्टच्या झाल्यावर, म्हणजे आणखी दोन वर्षांनी. त्यांचे ६५० चे ६७५ होतील. हे आपोआप व्हायला हवे, तरीही त्या महिन्यात रक्कम खरोखर वाढली का ते तपासून पाहावे आणि अडलेल्या महिन्यांची पत्रे तोवर जपून ठेवावीत.

सन २०२८ मध्ये काहीच अडणार नाही. ज्या वर्षी पूर्ण निवृत्तीवय येते त्या वर्षी मर्यादा बरीच मोठी असते, २०२६ साठी ती ६५,१६० डॉलर आहे. शिवाय त्या वर्षी वाढदिवसाच्या महिन्याआधीचीच कमाई मोजतात आणि वरच्या रकमेच्या निम्म्याऐवजी एक तृतीयांश अडते. दादांचे जानेवारी ते मे मधले १५,२०० डॉलर त्याच्या जवळपासही जात नाहीत. जून २०२८ पासून तर मर्यादाच संपते, मग कितीही कमवावे.

वाटसरू

४०१-के आणि भारतातल्या पेन्शनबद्दलची दुरुस्ती मान्य आहे, धन्यवाद. पण परत मिळते हे म्हणणे मला अजून पटत नाही. तुमचेच आकडे घेतो. दोन वर्षांत १२,००० डॉलर अडले. त्याबदल्यात २०२८ पासून महिना सुमारे ६७ आणि २०३० पासून दोघांचे मिळून सुमारे ९२ डॉलर वाढले. मी बेरीज केली, तर ते १२,००० भरून यायला २०३९ उजाडते. तेव्हा दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असतील. तोवर दोघांपैकी कोणाला काही झाले, तर ते पैसे गेलेच ना? मग याला परतफेड कसे म्हणायचे?

जुना_हिशेबनीस

तुमची बेरीज बरोबर आहे आणि हा प्रश्न रास्त आहे. ही रक्कम बँकेतल्या ठेवीसारखी व्याजासह परत येत नाही. ती पुढच्या महिन्यांवर पसरून येते आणि माणूस जितका अधिक जगेल तितकी अधिक येते. अठ्ठ्याहत्तरच्या पुढे फायदा, अलीकडे तोटा. त्यामुळे प्रकृती आणि घराण्यातले आयुर्मान पाहून ज्याचे त्याने ठरवावे. माझा विरोध फक्त याला कर समजून नोकरीच नाकारण्याला आहे, कारण त्या हिशेबात नोकरीची दुसरी बाजू सुटते.

दादांनी अमेरिकेत अठ्ठावीस वर्षे काम केले, असे केवडाताईंनी सुरुवातीला लिहिले आहे. पेन्शनचे सूत्र सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांची सरासरी घेते. त्यांच्या खात्यावर सात वर्षे शून्याची आहेत. आपल्यापैकी जे तिशीत किंवा चाळिशीत इकडे आले, त्या सर्वांचे असेच असते. नव्या नोकरीचे प्रत्येक वर्ष एका शून्याची जागा घेते. ३६,४८० डॉलर भागिले ४२० महिने, म्हणजे मासिक सरासरी सुमारे ८७ डॉलरने वाढते. दादांच्या रकमेवरून ते सूत्राच्या मधल्या टप्प्यात आहेत असे दिसते आणि त्या टप्प्यात सरासरीच्या बत्तीस टक्के पेन्शन मिळते. म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे मूळ रकमेत महिना सुमारे २८ डॉलर वाढ. लवकर घेतल्याची कपात धरली तरी बाविसेक डॉलर हाती पडतात. दोन वर्षांच्या नोकरीची महिना ४४-४५ डॉलरची ही वाढ ६६ डॉलरव्यतिरिक्त आहे आणि तिच्यासाठी २०२८ पर्यंत थांबावे लागत नाही. त्या वर्षाची डब्ल्यू-२ नोंदली गेली की पुढच्या वर्षी ती मिळू लागते. हे धरले तर तुमचे २०३९ हे साल काही वर्षे अलीकडे सरकते.

ज्यांची पस्तीस वर्षे मोठ्या पगाराची भरलेली आहेत त्यांना हा लाभ होत नाही. त्यांच्या बाबतीत वाटसरू यांचा सावध सल्ला अधिक लागू पडतो.

वाटसरू

पस्तीस वर्षांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही मी स्वतः मर्यादेच्या आतच राहीन, कारण माझी पस्तीस भरलेली आहेत आणि वर्षाच्या सुरुवातीला तीन महिने रिकामे जाणे मला परवडणारे नाही. वरच्या १२,००० वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के आणि प्राप्तिकरही जातो, तेही केवडाताईंनी मांडून पाहावे.

नदीकाठ

पुण्याच्या व्याख्यानांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण सर्वात मोठा खड्डा तिथेच आहे. मी स्वतः चार वर्षांपूर्वी नाशिकला परतलो आणि याच नियमात सापडलो होतो.

अमेरिकेबाहेर केलेल्या आणि अमेरिकेची सोशल सिक्युरिटी न भरलेल्या कामाला वार्षिक डॉलरची मर्यादा लागतच नाही. तिथे तास मोजतात. पूर्ण निवृत्तीवयाआधी एखाद्या महिन्यात पंचेचाळीस तासांपेक्षा जास्त काम केले, तर त्या महिन्याचा चेक पूर्ण जातो. किती कमावले याच्याशी त्याचा संबंध नाही. महाविद्यालयाचे मानधन पाचशे रुपये असो की पन्नास हजार, सेहेचाळिसावा तास भरला की दादांचे त्या महिन्याचे १,६०० अडले. मला वाटते त्यांच्याबरोबर वहिनींचेही.

आठवड्याला अकरा तास, म्हणजे दिवसाला दोन तासांचे एखादे व्याख्यान आणि थोडी तयारी, एवढ्यानेच महिन्याचे पंचेचाळीस तास जवळ येतात. मी पहिल्या वर्षी फक्त वर्गातले तास धरले होते. नंतर एसएसए-७१६३ ही प्रश्नावली भरताना पेपर तपासणे आणि बैठका हेही काम आहे हे जाणवले, म्हणून मी तासांची वही ठेवू लागलो : तारीख, सुरुवात, शेवट आणि काय केले. महिनाअखेरीस बेरीज चाळीसच्या पुढे गेली की मी उरलेले काम पुढच्या महिन्यावर ढकलतो. केवडाताई, महाविद्यालयाच्या नेमणूकपत्रावर तास लिहून घ्यायला दादांना सांगा. नुसते पूर्णवेळ अतिथी प्राध्यापक असे लिहिलेले पत्र हाती असेल तर नंतर तास कमी होते हे सिद्ध करणे कठीण जाते.

आणखी एक, गावाकडे भावाबरोबर दुकानात किंवा कारखान्यात भागीदारी असेल तर तीही सांगावी लागते. मालक किंवा भागीदार असणे हेच काम धरले जाऊ शकते, प्रत्यक्ष दुकानात बसलात की नाही हा प्रश्न नंतरचा.

चौकस

नदीकाठ, दादा अमेरिकेचे नागरिक असतील आणि महाविद्यालयाचे नोकर न होता सल्लागार म्हणून स्वतंत्रपणे पैसे घेतील तर? स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या नागरिकाला परदेशातल्या उत्पन्नावरही अमेरिकेचा स्वयंरोजगार कर भरावा लागतो, असे मी ऐकले आहे. मग ते काम अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीखाली आले आणि तासांची कसोटी लागू नये.

जुना_हिशेबनीस

हा मुद्दा बरोबर दिशेने जातो. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे अमेरिकन नागरिकाच्या भारतातल्या स्वतंत्र व्यवसायावर तो कर लागतो. तो लागू असलेल्या कामाला पंचेचाळीस तासांची नव्हे तर वार्षिक डॉलरची कसोटी लावायला हवी. तेच अमेरिकन कंपनीचे काम पुण्यात बसून केल्याबद्दल : पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात असेल तर तो पगार २४,४८० च्या हिशेबात येतो, तासांच्या नाही.

परंतु महाविद्यालय ज्या पद्धतीने काम देते, त्यावरून दादा नोकर ठरतात की स्वतंत्र सल्लागार, हे केवळ पावतीवर काय लिहिले यावरून ठरत नाही. वेळापत्रक महाविद्यालयाचे, हजेरी महाविद्यालयाची, वर्ग महाविद्यालयाचे, असे असेल तर नोकर ठरण्याची शक्यता बरीच आहे. नदीकाठ म्हणतात तसे पंचेचाळीस तासांच्या आत राहणे हा एकच खात्रीचा मार्ग मला दिसतो. त्याहून अधिक करायचे असेल तर सगळा तपशील लिहून कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्यावे.

नदीकाठ

मला लेखी उत्तर मिळायला बरेच महिने लागले आणि तोवर माझे काम संपलेही होते. म्हणून मी तासांच्या वहीवरच भिस्त ठेवतो.

केवडा

काल दादा आणि वहिनीशी सविस्तर बोलले. त्यांना हे तीन महिने रिकामे जाण्याचे ठाऊकच नव्हते. दादाने आणखी एक विचारले आहे : पेन्शन सुरू करून वर्षही झालेले नाही, तर ती मागे घेऊन सदुसष्टला नव्याने सुरू करता येईल का? म्हणजे मर्यादेचा प्रश्नच उरणार नाही.

जुना_हिशेबनीस

करता येते. पेन्शनचा हक्क सुरू झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत एसएसए-५२१ हा फॉर्म भरून अर्ज मागे घेता येतो आणि ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. मात्र आतापर्यंत मिळालेली सर्व रक्कम परत करावी लागते, त्यात वहिनींना दादांच्या खात्यावरून मिळालेली रक्कमही येते आणि वहिनींची लेखी संमती लागते. जून २०२५ पासूनचे महिने मोजा : आठ महिन्यांचे दादांचेच १२,८०० होतात. तेवढे पैसे हाताशी असतील, नोकरी दोन-तीन वर्षे टिकेल अशी खात्री असेल आणि पगारावर दोघांचे भागत असेल, तर हा मार्ग सर्वात स्वच्छ आहे. सदुसष्टला १,६६६ ऐवजी पूर्ण २,००० सुरू होतील.

मधेच नुसती पेन्शन थांबवून ठेवू, असे मात्र आता करता येत नाही. स्वेच्छेने थांबवण्याची सोय पूर्ण निवृत्तीवयानंतरच आहे.

अनुजा_एम

त्यांनी अर्ज मागे घ्यायचा नाही असे ठरवले, तर नोकरीवर रुजू होताच अंदाज कळवायला सांगा. कळवले नाही तरी चेक येतच राहतात आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पुढच्या वर्षी डब्ल्यू-२ पोहोचते आणि मग ६,००० डॉलर एकदम परत मागणारे पत्र येते. पैसे भरले नाहीत तर पुढच्या चेकमधून वसुली होते आणि २०२५ च्या बदलानंतर ती साधारणपणे चेकच्या निम्म्याने होते. त्या पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर देऊन हप्ता कमी करून मागता येतो.

केवडा

दादाचा निर्णय अजून पूर्ण झालेला नाही. १२,८०० आणि वहिनीचे पैसे परत करणे त्याला जड जाईल, म्हणून अर्ज मागे घेण्याचा विचार जवळजवळ सोडला आहे. नोकरी घ्यायची हे नक्की झाले आहे आणि बोनसच्या फॉर्मबद्दल त्याने कंपनीला लिहिले आहे. पुण्याच्या महाविद्यालयाकडून महिन्याला चाळीस तासांच्या आतले पत्र मागितले आहे. ते तसे देतील की नाही, ते अजून कळलेले नाही. एक शेवटची शंका : ३६,४८० चा अंदाज कळवल्यावर ऑगस्टमध्ये नोकरी सुटली तर काय?

जुना_हिशेबनीस

सुटल्याबरोबर नवा अंदाज कळवावा. जानेवारी ते ऑगस्ट मिळून २४,३२० डॉलर होतात, म्हणजे मर्यादेच्या आत. अशा वेळी काहीच अडायला नको होते, म्हणून सुरुवातीचे तीनही महिन्यांचे चेक, दोघांचे मिळून ६,७५० डॉलर, परत मिळतात. फक्त सुरुवातीला अडलेल्या महिन्यांची जी नोंद झाली होती तीही मग पुसली जाते आणि २०२८ मध्ये त्या महिन्यांचे श्रेय मिळत नाही. शेवटच्या पगारासोबत रजेचे पैसे आले तर ते या वर्षातल्याच कामाचे असल्यामुळे मोजले जाऊ शकतात. २४,३२० आणि मर्यादा यांत अंतर फक्त १६० डॉलरचे आहे, तेव्हा तो आकडा कंपनीला आधी विचारून मगच नवा अंदाज भरावा.